आधी डबा, मग गाय

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, फलटण-माणच्या पट्ट्यात मी शिकवतो. इथं पाऊस कमी आणि गोठे जास्त. पगारदार घरं बोटावर मोजण्याइतकी. बहुतेकांचा महिना दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर चालतो. नववीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, महिन्याला पाचशे रुपये भरले तर कुठली एसआयपी चांगली?" त्यानं मोबाइलवर एक जाहिरात पाहिली होती. मागच्या बाकावरच्या चौघांनी लगेच माना वर केल्या. प्रश्न चांगला होता, पण माझ्या मते त्याच्या आधी विचारायचे दोन प्रश्न राहून गेले होते. मी म्हणालो, "शनिवारी सांगतो. येताना घरच्या दुधाच्या बिलाची पावती घेऊन या."

शनिवारी शाळा सकाळची असते. परिपाठानंतर दोन वर्ग एकत्र बसवले आणि तासभर बोललो. त्यातलं बरंचसं मुलांइतकंच मोठ्यांनाही लागू आहे, म्हणून इथं लिहितो आहे.

सुरुवात फळ्यावर दोन रकाने आखून केली. एकीकडे 'गरज', दुसरीकडे 'हौस'. मुलांनी भराभर सांगितलं. भात, भाकरी, दवाखाना, वह्या या गरजा. चप्पल गरज, बूट हौस. मग मोबाइल आला आणि वर्ग दुभंगला. अर्धी मुलं म्हणाली गरज, अर्धी म्हणाली हौस, आणि दोन्ही बाजूंकडे कारणं होती. तेव्हा मी दोन्ही रकाने पुसून टाकले. वस्तूंची यादी करून गरज सापडत नाही, कारण एकच वस्तू एका घरात गरज असते आणि दुसऱ्या घरात हौस.

त्याऐवजी तीन प्रश्न लिहिले. ही वस्तू आज नसली तर काय अडेल? कुणाचं अडेल? किती दिवस अडेल?

वर्गात वस्तीवरून येणारी एक मुलगी आहे. घर शाळेपासून चार किलोमीटरवर, एसटी वेळेवर येईल याचा भरवसा नाही. तिला सायकल नसेल तर रोज अडतं, तिचंच अडतं आणि दहावी होईपर्यंत अडतं. तिची सायकल ही गरज. पण दुकानात पाच हजारांची साधी सायकल असते आणि शेजारी अकरा हजारांची गिअरची. ती अकरा हजारांची घेतली तर पहिले पाच हजार गरजेवर गेले आणि वरचे सहा हजार हौसेवर. पावती एकच, पण आत दोन वेगळे खर्च आहेत. मुलांना हे चटकन पटलं. मग मोबाइलचंही उत्तर मिळालं. बापाला बँकेचा मेसेज दिसावा, दवाखान्यात फोन लागावा, एवढ्यासाठी जितके पैसे लागतात तितकी गरज. त्याच्या वर जे काही, ती हौस.

हौसेला मी वाईट म्हटलं नाही. जत्रेला नवा सदरा हवाच. गाईच्या शिंगांना पोळ्याच्या दिवशी हिंगूळ लावतात, त्याने दूध वाढत नाही, तरी लावावा. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. माझं म्हणणं इतकंच की हौसेला मोल असतं आणि ते वहीत लिहावं. सायकलीच्या पावतीमागे 'गरज ५,०००, हौस ६,०००' असं लिहिलं की पुढच्या वेळी घरात बोलणं वेगळं होतं. हप्त्यावर घेताना तर हे जास्तच लिहावं, कारण हप्ता हौसेचं रूपांतर गरजेत करतो. वस्तू हौसेची असली तरी हप्ता चुकवता येत नाही.

यानंतर मुलांना जे सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. गरजा दोन तऱ्हेच्या असतात. काही रोज समोर येतात, जसं किराणा, गॅस, गोळी पेंड. काही वर्षातून एकदा येतात आणि मधले अकरा महिने दिसतच नाहीत. जूनमधली वह्या-पुस्तकं, परीक्षेची फी, घराचं छप्पर शाकारणं, आजारपण आणि आमच्या भागात सगळ्यांत मोठी म्हणजे गाईचा भाकड काळ. गाय व्यायच्या आधी साधारण दोन महिने तिला आटवावी लागते. त्या दोन महिन्यांत दूध शून्य, पण तिचं खाणं चालूच. हे कधी होणार हे गोठ्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरीही दहा महिने दुधाचं बिल आलं की उरलेला पैसा 'शिल्लक' समजून खर्च होतो आणि भाकड काळ आला की उसनवारी सुरू होते. खरं तर तो पैसा शिल्लक नव्हताच. तो पुढच्या दोन महिन्यांचा किराणा होता, फक्त आधी हातात आला होता.

बचतीचं पहिलं काम इथं आहे. पैसा वाढवणं हे तिचं पहिलं काम नाही. आज न दिसणारी गरज उद्या दारात उभी राहील, तेव्हा तिच्यासाठी पैसा हजर असणं, हे काम.

मग पावत्या काढायला लावल्या. पावतीवर तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम असते. सगळ्यांच्या आकड्यांच्या जवळ जाणारं एक घर फळ्यावर मांडलं. नाव दिलं नाही, कारण ते कुणाचंच नव्हतं आणि थोडंथोडं सगळ्यांचं होतं.

घरात एक संकरित गाय. रोज १२ लिटर दूध. दर लिटरला ३२ रुपये. दहा दिवसांचं बिल ३,८४० रुपये. गाईला रोज ६ किलो पेंड, किलोला ३२ रुपये धरले तर दहा दिवसांचे १,९२० रुपये. म्हणजे बिलाचं निम्मं पेंडीलाच गेलं. वैरण घरच्या रानातली, तिचे पैसे धरले नाहीत. उरले १,९२०. महिन्याला ५,७६०. या पैशावर घरचा किराणा चालतो.

आता या घराने बाजूला किती ठेवायला हवं? 'तीन महिन्यांचा खर्च', 'सहा महिन्यांचा खर्च' असं ठोक उत्तर मी दिलं नाही, मुलांकडून काढून घेतलं. भाकड दोन महिन्यांत घरात न येणारे पैसे ११,५२०. त्याच काळात गाईला पेंड निम्मी धरली, रोज ३ किलो, तरी साठ दिवसांचे ५,७६०. वर एखादं दुखणं, माणसाचं नाहीतर गाईचं, ६,००० धरू. बेरीज २३,२८०. आपण पंचवीस हजार म्हणू. त्या घराचा हा डबा. एका मुलीने 'डबा' हा शब्द काढला आणि मग तासभर तोच चालला.

आता गुंतवणुकीकडे आलो. समजा अशी दोन घरं आहेत आणि दोघांनाही उसाच्या बिलातून ८०,००० रुपये एकदम मिळाले. पहिल्या घराने लगेच ८०,००० ची दुसरी गाय आणली. दुसऱ्या घराने २५,००० बँकेच्या बचत खात्यात टाकले, ५५,००० गाईसाठी वेगळे ठेवले आणि उरलेले पंचवीस हजार जमेपर्यंत थांबायचं ठरवलं. मी विचारलं, शहाणं कोण? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, पहिलं घर. पैसा कामाला लागला, बँकेत पडून राहिला नाही. त्यांचं उत्तर चुकीचं नव्हतं. दोन गाई म्हणजे महिन्याला ११,५२० उरणार. गाय ही आमच्याकडची खरीखुरी गुंतवणूक आहे, दर दहा दिवसांनी परतावा देणारी.

मग मी दर बदलला. ३२ चे २७ केले. हे काही मनाने केलेलं नाही. २०२३ च्या अखेरीस गाईच्या दुधाचे दर इतके उतरले होते की राज्य सरकारला जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान जाहीर करावं लागलं. मुलांना तो काळ आठवत होता. २७ च्या दराने दहा दिवसांचं बिल ३,२४०, पेंड तितकीच १,९२०, उरले १,३२०. इथं मी थांबलो आणि त्यांना भागाकार करायला लावला. दर पडला साधारण सहाव्या हिश्श्याने. उरणारा पैसा मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटला. पेंडीचा खर्च दराबरोबर खाली येत नाही, म्हणून पडण्याचा सगळा मार उरलेल्या पैशावर बसतो. हे ज्याला कळलं त्याला धंद्यातली जोखीम कळली, असं मला वाटतं.

त्यात पहिल्या घराची जुनी गाय आटली आणि नव्या गाईला कासदाह झाला. आमच्याकडे त्याला दगडी म्हणतात. कास सुजते, दगडासारखी लागते, दुधात गुठळ्या येतात. औषधं चालू असेपर्यंत आणि त्यानंतरचे डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीत घालता येत नाही. म्हणजे गोठ्यात दोन गाई, दोन्ही खातात आणि बिल शून्य. डॉक्टरांच्या खेपा आणि औषधं मिळून सहा हजार हवेत, किराण्याचे वेगळे. घरात डबा नाही, कारण डब्याची गाय झाली आहे.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा. सावकाराकडे शेकडा ३ रुपये महिन्याने वीस हजार काढायचे. ऐकायला तीन रुपये लहान वाटतात, पण महिन्याला ६००, वर्षाला ७,२०० झाले, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. नाहीतर गाय विकायची. गावात दगडी झालेल्या गाईची बातमी लपत नाही. हेडी येतो, कासेला हात लावतो आणि ४५,००० सांगतो. आणली ८०,००० ला, गेली ४५,००० ला. पंचवीस हजारांचा डबा नव्हता म्हणून पस्तीस हजारांचं नुकसान झालं.

दुसऱ्या घरावरही दर पडण्याचा मार बसला, त्यांचीही गाय आटली. त्यांनी दोन महिने खात्यातून पैसे काढले, सतरा-अठरा हजार संपले. पण विकावं काही लागलं नाही. गाय व्याली, बिल सुरू झालं, त्यांनी आधी डबा भरला आणि मग गाईचे पैसे जमवायला पुन्हा लागले.

एक मुलगा उठला. "सर, पण भाव पडलाच नसता आणि दगडी झालीच नसती तर?" मला हाच प्रश्न हवा होता. तर पहिलं घर पुढे गेलं असतं, दहा महिन्यांच्या दुधाचे सत्तावन्न हजारांच्या आसपास त्याला जास्त मिळाले असते. थांबण्याची किंमत असते आणि ती दुसऱ्या घराने मोजली. हे लपवून मुलांना बचत शिकवणं मला मान्य नाही. पण भाव पडणं नशिबावर असलं तरी गाय आटणं नशिबावर नव्हतं. त्या एका ठरलेल्या गोष्टीसाठीसुद्धा पहिल्या घराकडे पैसे नव्हते. त्यांनी वस्तू योग्य निवडली होती, क्रम चुकला.

इथून एसआयपीकडे जाणं सोपं झालं. बाजारातला पैसाही गाईसारखाच आहे, आपल्या सोयीने विकला तर फायदा, अडचणीत विकला तर हेडी सांगेल तो दर. जानेवारी २०२० च्या मध्याला निफ्टी १२,३०० च्या वर होता. २३ मार्च २०२० ला तो ७,६१० वर बंद झाला. एक लाखाचे साधारण बासष्ट हजार झाले, तेही सव्वादोन महिन्यांत. दुसऱ्याच दिवशी देशभर टाळेबंदी जाहीर झाली. पुण्या-मुंबईत कामाला असलेली आपली माणसं पोतं-पिशव्या घेऊन गावाकडे आली, ते या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पैशाची गरज आणि बाजाराची पडझड एकाच आठवड्यात आली. हे नेहमीच असं जोडीने येतं असं नाही, पण येतं तेव्हा कारण एकच असतं, धंदे थांबतात म्हणून शेअर पडतात आणि धंदे थांबतात म्हणूनच पगार थांबतात.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निफ्टी पुन्हा जुन्या उंचीवर आला. ज्याच्या खात्यात सात-आठ महिने घर चालवण्याइतका पैसा वेगळा होता त्याने काहीच न करता लाखाचा लाख परत मिळवला. ज्याला २३ मार्चच्या दराने किराण्यासाठी विकावं लागलं त्याचे अडतीस हजार कायमचे गेले. दोघांची योजना एकच असू शकते, कंपन्याही त्याच. फरक फक्त बाजारात नसलेल्या पैशाने केला.

तरी पाचशे रुपयेवाल्याचं समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, "पोस्टात व्याज कमी मिळतं, सर." बरोबर आहे. म्हणून शेवटचं गणित त्याच्याकडूनच करून घेतलं. महिन्याला ५०० प्रमाणे वर्षाला ६,००० भरले. पहिला हप्ता बारा महिने राहिला, शेवटचा एकच महिना. ६.७ टक्क्यांनी वर्षाअखेर व्याज साधारण २१८ रुपये. आता जास्तीत जास्त चांगलं धरू, १२ टक्के मिळाले, तर ३९० रुपये. फरक १७२ रुपयांचा. आणि महिन्याला पाचशेऐवजी पाचशे पंधरा भरले, तर वर्षाला १८० जास्त जमतात, तेही कुठलीही जोखीम न घेता. सुरुवातीच्या वर्षांत टक्का तुम्हाला श्रीमंत करत नाही, तुम्ही किती बाजूला टाकता ते करतं. रक्कम लाखांत गेली, वर्षं दहा-पंधरा झाली, की टक्क्याला वजन येतं. तोवर वेळ चांगली योजना शोधण्यात घालवण्यापेक्षा पंधरा रुपये शोधण्यात घालवावा.

हे पंधरा रुपये हौसेच्या त्या वरच्या हिश्श्यातच सापडतात. म्हणून गरज आणि हौस वेगळी करण्याचा धडा आधी घ्यावा लागतो.

डबा कुठं ठेवायचा हेही सांगायला हवं. अडीअडचणीचा पैसा बचत खात्यात, त्याच दिवशी काढता येईल असा. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज मिळतं आणि ते पाचशे रुपयांत उघडतं. दहा वर्षांवरची मुलं स्वतःच्या नावाने खातं चालवू शकतात, बँकांनाही रिझर्व्ह बँकेने तशी मुभा दिली आहे. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, साठ हप्ते भरायचे. ६.७ टक्के दराने महिन्याला शंभर भरले तर भरलेले ६,००० आणि हातात येणारे ७,१३७ रुपये. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण उघडताना जो असेल तो तुमच्या खात्याला शेवटपर्यंत राहतो. मात्र ही ठेव तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडली तरी व्याज बचत खात्याचंच मिळतं. म्हणून भाकड काळाचा पैसा तिच्यात घालू नये. तिच्यात पुढच्या गाईचा, नाहीतर बारावीनंतरच्या शिक्षणाचा पैसा घालावा.

डबा भरल्यावरही सगळं तिथेच साठवत राहणं बरोबर नाही. पेंडीचं पोतं दरवर्षी महागतं आणि चार टक्क्यांतला पैसा दहा वर्षांत मागे पडतो. म्हणून डब्याच्या वरचा, पाच-सात वर्षं लागणार नाही असा पैसा गाईत, शिक्षणात, फंडात जायलाच हवा. डबा मात्र मोडून नाही.

आणि तुमचा डबा पुरेसा आहे की नाही हे ओळखायची खूण एकच. जो खर्च येणार हे आधीपासून माहीत होतं, त्यासाठी उसने मागावे लागले तर डबा कमी आहे, मग बाजारात कितीही पैसे लावलेले असोत.

सोमवारी तो मुलगा वही घेऊन आला. घरच्या दोन गाईंचा हिशेब त्याने आईला विचारून मांडला होता. भाकड काळाच्या दोन्ही तारखा लिहिल्या होत्या, डब्याची रक्कम काढली होती, पंचवीस नव्हे, चाळीस हजार. हाताशी होते सहा हजार. एसआयपीबद्दल त्याने काही विचारलं नाही. विचारलं ते हे, की दर बिलातून किती टाकले म्हणजे पुढच्या आटवण्याआधी भरेल. आम्ही दोघांनी भागाकार केला. आठ महिने, चोवीस बिलं, दर बिलाला साधारण चौदाशे रुपये. तेवढे निघणार नाहीत, हे दोघांनाही दिसलं. सातशे निघतील, म्हणाला. मग निम्मा भरेल. उरलेला निम्मा पुढच्या वेतात.

पालकांना माझी विनंती आहे. पुढचं बिल आलं की पावती मुलांच्या हातात द्या, किती आले, पेंडीला किती गेले, कुणाचं देणं आहे, सगळं दाखवा. आणि पैसे बाजूला टाकायचे असतील तर ते बिल आलेल्या दिवशी, किराण्याच्या आधी, मुलांच्या देखत टाका.